एकाच खोचक प्रश्नाचा मारा : उत्तर एकदाच द्यावे आणि मग काय करावे

*मी साठ सदनिकांच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची गेल्या वर्षापासून सचिव आहे. दिवाळीआधी आम्ही लिफ्टचे मोठे काम केले. तेव्हापासून एक सभासद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही सूचनेखाली एकच प्रश्न टाकतात : ‘सचिवबाई, लिफ्टच्या कामात किती खाल्ले?’ मी आधी शांतपणे, मग चिडून उत्तरे दिली, मध्ये दुर्लक्षही केले, पण ते थांबत नाहीत. बाकीचे त्यांच्याशी भांडतात आणि रात्री अकरापर्यंत तेच चालते. समितीतले म्हणतात, त्यांना ग्रुपमधून काढून टाका. काय करू?*
*— एक सचिव, डोंबिवली*

सप्रेम नमस्कार.

त्या एका वाक्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचे काहीच नीट होणार नाही. पैसे खाल्ले गेले, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे. विचारले आहे ते केवळ ‘किती’. त्यामुळे ‘एक पैसाही खाल्लेला नाही’ असे खरे उत्तर दिले तरी बोलणे खाण्याभोवतीच फिरत राहते, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो आरोप. मात्र त्याच वाक्याच्या पोटात एक रास्त चौकशीही दडलेली आहे : लिफ्टवर संस्थेचा किती पैसा खर्च झाला, तो कोणी मंजूर केला आणि कोणाला दिला गेला. ही चौकशी एकट्या त्या गृहस्थांची नाही, ती साठही घरांची आहे, कारण पैसा सगळ्यांचा आहे. आरोपाला उत्तर द्यायचे नाही आणि चौकशीला एकदाच, लेखी आणि संपूर्ण उत्तर द्यायचे, या भेदावर पुढचा सगळा सल्ला उभा आहे.

तुम्ही उत्तरे दिली आहेत, हे मी मानते. पण ती उत्तरे कशी होती हे एकदा तपासून पाहा. ग्रुपवर रात्री साडेनऊला दिलेले उत्तर बहुधा तुकड्यांत जाते. एका दिवशी रक्कम सांगितली जाते, दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचे नाव, तिसऱ्या दिवशी चिडून ‘सभेत ठरले होते, तेव्हा तुम्ही कुठे होता?’ असे निघून जाते. ज्याने मधला एकच तुकडा वाचला त्याला सचिव काहीतरी टाळत आहेत असे वाटू शकते, आणि खोचक प्रश्न विचारणारा नेमका त्याच वाचकाच्या शंकेवर जगतो. म्हणून मौन धरण्याआधी संस्थेच्या कागदावर, तारीख आणि जावक क्रमांक घालून, अध्यक्षांच्या आणि तुमच्या सहीने एक परिपत्रक काढा. ते सूचनाफलकावर लावा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका. त्यात कोणाचेही नाव नको, ‘काही सभासद विनाकारण’ असा टोमणा नको, ‘बिनबुडाचे आरोप’ हे शब्दही नकोत, कारण असा प्रत्येक शब्द आरोप करणाऱ्याला पुढच्या वाक्याचे निमित्त देतो.

परिपत्रकात काय असावे, हे उदाहरणाने सांगते; आकडे कल्पित आहेत, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. ‘लिफ्टच्या नूतनीकरणास 14 जुलै रोजीच्या विशेष सर्वसाधारण सभेने ठराव क्रमांक 3 अन्वये मंजुरी दिली. तीन दरपत्रके मागवली होती; ती 7,10,000, 6,85,400 आणि 6,37,200 रुपयांची होती आणि तिन्हींत 18 टक्के जीएसटी धरलेला होता. सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम देण्यात आले. रक्कम धनादेशाने दोन हप्त्यांत दिली : काम पूर्ण झाल्यावर 5,73,480 रुपये आणि कामाची तपासणी झाल्यावर उरलेले 63,720 रुपये. प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला हा खर्च 10,620 रुपये येतो. दरपत्रके, बिल, ठरावाची प्रत आणि बँकेचा खातेउतारा संस्थेच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत कोणाही सभासदास पाहता येईल.’ एवढे पुरे आहे. शेवटचे वाक्य मात्र गाळू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि संस्थेचे उपविधी यांनुसार ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि असे इतर दप्तर पाहण्याचा सभासदाला हक्क आहे, त्यामुळे ते दाखवणे ही समितीची मेहेरबानी नाही, आणि परिपत्रकाच्या भाषेतही ती मेहेरबानी वाटू नये.

एका गोष्टीवर मला थोडे अधिक बोलायचे आहे. कामात कुठे काही अपुरे राहिले असेल, तर ते परिपत्रकात तुम्ही स्वतःच लिहा. समजा, तीनऐवजी एकच दरपत्रक घेतले गेले, कारण त्या बनावटीचे सुटे भाग मूळ कंपनीच देते; किंवा खर्च मंजूर रकमेपेक्षा वाढला; किंवा ठेकेदार समितीतल्या कोणाच्या ओळखीचा आहे. यांपैकी जे खरे असेल ते कारणासह एका वाक्यात सांगून टाका. सांगितलेल्या उणिवेवर लोक चर्चा करतात, पण लपवलेली उणीव नंतर बाहेर आली तर त्या खोचक प्रश्नाला अचानक आधार मिळतो आणि आजवर तुमच्या बाजूने असलेलेही गप्प होतात. कामात खरोखरच मोठी अनियमितता झाली असेल, तर मात्र हा सल्ला तुम्हाला लागू नाही; मग तो सभासद कितीही उद्धट असला तरी त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचा निकाल सर्वसाधारण सभेतच लागला पाहिजे.

परिपत्रक निघाल्यावर समोरचा माणूस चौकस आहे की केवळ डिवचतो आहे, हे ओळखणे सोपे होते. ज्याला खरेच जाणून घ्यायचे आहे त्याचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा नेमका असतो : दुसऱ्या हप्त्याआधी तपासणी कोणी केली, जुन्या मोटारीचे भंगार किती रुपयांना गेले, हमीची मुदत किती. असे प्रश्न तापट स्वरात आले तरी त्यांना उत्तर द्या, आणि भंगाराचा हिशेब परिपत्रकात राहून गेला असेल तर पुरवणी काढा. असा माणूस रविवारी कार्यालयात येतो, चष्मा लावून कागद चाळतो, कदाचित एखादी खरी चूकही दाखवतो. डिवचणाऱ्याचा प्रश्न मात्र उत्तरानंतरही शब्दशः तोच राहतो आणि तो रविवारी येत नाही, कारण त्याला जे हवे आहे ते कागदात नसते. कागद पाहायला आलेल्यांची नावे, तारीख आणि सही एका वहीत घेत जा. पुढे कधी सभेत किंवा उपनिबंधकांसमोर विषय निघालाच, तर ती वही तुमच्याऐवजी बोलेल.

आता मौनाविषयी. तुम्ही मध्ये दुर्लक्ष करून पाहिलेत आणि ते चालले नाही, याचे कारण दुर्लक्षात नाही, ‘मध्ये’ या शब्दात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरे यांच्यावर दीर्घकाळ प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळणारा प्राणी, दाणा बंद झाल्यावर तुलनेने लवकर कळ सोडून देतो. ज्याला दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी दहाव्या वेळी, असा अनिश्चितपणे मिळत असतो, तो दाणा पूर्ण बंद झाल्यावरही फार काळ कळ दाबत राहतो, कारण पुढच्या वेळी मिळेल अशी शक्यता त्याच्या दृष्टीने कधीच संपत नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण लक्ष वेधण्याच्या सवयीबाबत हे निरीक्षण माणसालाही बरेच लागू पडते. चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी तुम्ही चिडून उत्तर दिलेत, म्हणजे तो प्रश्न दीर्घकाळ चालू राहावा यासाठीची सर्वांत पोषक व्यवस्था नकळत तयार झाली. रोज उत्तर देणेसुद्धा यापेक्षा कमी हानिकारक ठरले असते.

प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसते आणि बहुतेक जण नेमके तिथेच हार मानतात. दाणा बंद झाल्यावर कळ दाबणे लगेच कमी होत नाही. आधी ते वाढते. प्राणी जोरजोरात, वेगवेगळ्या तऱ्हांनी कळ दाबतो आणि त्यानंतर हळूहळू सोडतो. तुमच्या ग्रुपवरही असेच होईल असे धरून चाला. दिवसातून एकदा येणारा प्रश्न तीनदा येईल, त्यात तुमच्या नावाचा उल्लेख येईल, मग ‘मौन म्हणजे कबुली’ येईल, ‘आज अकरावा दिवस, उत्तर नाही’ अशी मोजदाद सुरू होईल, कदाचित ‘बायकांच्या हाती कारभार दिला की असेच होते’ असे एखादे वाक्य केवळ तुम्हाला उसळवण्यासाठी टाकले जाईल. हा काळ काही दिवसांचा असेल किंवा काही आठवड्यांचा, आणि मौन फसले असे नेमके याच काळात वाटते. प्रत्यक्षात आधीचे प्रमाण पुरेनासे झाले म्हणूनच ते वाढवले जात असते. याच टप्प्यावर कोणी उत्तर दिले, तर आजवरच्या पातळीने काम होत नसले तरी या चढ्या पातळीने होते, एवढेच त्या माणसाला कळते, आणि पुढच्या वेळी तो तिथूनच सुरुवात करतो. मौन टिकवण्याची तयारी नसेल, तर ते सुरूच न केलेले बरे.

मौन म्हणजे नेमके काय, हेही ठरवून घ्यावे लागेल, कारण उत्तर म्हणून फक्त शब्दच पोचतात असे नाही. हात जोडलेला इमोजी हे उत्तर आहे. ‘कृपया विषय बंद करावा’ हे उत्तर आहे. स्वतःच्या स्टेटसला सहनशीलतेवरचा सुविचार ठेवणे हे तर त्या माणसाला फार आवडणारे उत्तर आहे, कारण बाण लागल्याची ती पावती असते. त्यांचा संदेश ॲडमिन म्हणून हटवणे हेसुद्धा उत्तरच आहे : त्या जागी ॲडमिनने संदेश हटवल्याची नोंद सर्वांना दिसते, आणि ज्यांनी मूळ प्रश्न वाचलाही नव्हता ते ‘काय होते हो?’ म्हणून विचारू लागतात. शिवीगाळ, एखाद्याच्या कुटुंबावर शिंतोडे किंवा कोणाचा खासगी तपशील असेल तरच संदेश हटवा, आणि हटवण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. नुसता तोच जुना प्रश्न असेल, तर तो आहे तिथे राहू द्या.

परिपत्रकानंतर प्रश्न पहिल्यांदा येईल तेव्हा एकदाच, एका ओळीत, ‘याची माहिती अमुक तारखेच्या परिपत्रकात आहे’ असे लिहा आणि तिथे थांबा. दर वेळी हीच ओळ चिकटवण्याचा मोह होईल, पण मग तीच ओळ नवा दाणा बनते. परिपत्रकाचा संदेश ग्रुपमध्ये पिन करून ठेवा. मात्र व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, म्हणून परिपत्रकाची तारीख आणि कागद पाहण्याची वेळ ग्रुपच्या वर्णनातही लिहून ठेवा. नव्याने राहायला आलेल्या एखाद्या सभासदाने खरोखर न कळून तोच विषय काढला, तर त्याला परिपत्रक खासगीत पाठवा.

तुम्ही एकट्याने गप्प राहून भागणार नाही. तुमच्या पत्रावरून दिसते की रात्री अकरापर्यंतचे लक्ष मुख्यतः तुमच्या बाजूचे लोकच पुरवतात. तुमच्यासाठी भांडणारे दोघे-तिघे कोण आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच. ग्रुपवर आवाहन न करता त्यांना फोन करा, शक्य असल्यास घरी जाऊन भेटा, आणि स्पष्ट सांगा : ‘तुम्ही माझी बाजू घेता याचे मला मोल आहे, पण त्या प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ लिहिलीत की तो आणखी आठवडाभर चालतो. माझ्यासाठी काही करायचे असेल, तर रविवारी कार्यालयात येऊन कागद स्वतः पाहा, आणि कोणी जिन्यात विचारले तर पाहिलेले सांगा.’ ज्यांना काही करायचे आहे त्यांना नुसते ‘गप्प बसा’ म्हटले तर ते फार दिवस गप्प राहत नाहीत. हाती काम दिले तर राहतात. अध्यक्ष आणि खजिनदार यांनाही हेच सांगा, कारण समितीतल्या एकाने जरी वेगळा सूर लावला तरी प्रश्न त्या एकाकडे वळतो.

ग्रुपवरचे रोजचे काम थांबवू नका. टाकी धुण्याची सूचना टाकली, तिच्याखाली त्यांचा प्रश्न आला आणि त्याच्याखाली कोणी ‘पाणी किती वाजता येणार?’ असे विचारले, तर पाण्याचे उत्तर नेहमीसारखे द्या. मधला प्रश्न वाचला न वाचला, असे काहीच दाखवू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच गृहस्थांनी उद्या ‘माझ्या स्नानगृहाच्या छतातून पाणी गळते आहे’ असे लिहिले, तर त्यांना इतरांइतकेच, किंबहुना थोडे लवकरच, सौजन्याने उत्तर द्या आणि प्लंबर पाठवा. हे जड जाईल हे मला कळते. पण एका प्रकारच्या बोलण्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या बोलण्याला तत्काळ मिळते, हा फरक त्यांना दिसला पाहिजे. नुसत्या मौनापेक्षा हा फरक अधिक परिणाम करतो. शिवाय तुम्ही सचिव म्हणून कोणाचे काम अडवत नाही, हे बाकीच्या घरांनाही दिसते.

वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र मौन चालणार नाही. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि तिथे हिशेबावर प्रश्न विचारणे हा सभासदाचा अधिकार आहे. तिथे त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला, तर उत्तर तुम्ही न देता अध्यक्षांनी द्यावे : खर्चाचे आकडे वाचून दाखवावेत, लेखापरीक्षकांच्या अहवालात या कामाविषयी जे काही असेल ते वाचावे, ‘आणखी विशिष्ट शंका असल्यास सांगावी’ असे एकदा विचारावे आणि पुढचा विषय घ्यावा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात नोंदवावेत. उपनिबंधकांकडे लेखी तक्रार गेली, तर तिलाही मुदतीत, कागदपत्रे जोडून उत्तर द्या. मौन आहे ते ग्रुपवरच्या त्या आमिषापुरते. जिथे उत्तर देणे कायद्याने किंवा पदाने बंधनकारक आहे तिथे ते लागू होत नाही.

आणखी एक सीमा आहे आणि ती तुम्ही स्त्री आहात म्हणून मुद्दाम सांगते. हा माणूस ग्रुप सोडून तुम्हाला रात्री खासगी संदेश पाठवू लागला, तुम्ही स्पष्ट नकार दिल्यावरही संपर्क करत राहिला, तुमच्या वेळा पाहून जिन्यात किंवा रिक्षा थांब्यावर गाठू लागला, तर हा प्रकार डिवचण्याच्या पलीकडे गेला असे समजा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये स्त्रीचा असा पाठलाग हा गुन्हा आहे, आणि त्यात इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवणेही येते. अशा वेळी दुर्लक्ष करत बसू नका. ‘यापुढे मला संपर्क करू नये’ असे एकदा लेखी कळवा, सगळे संदेश जपून ठेवा, घरच्यांना आणि समितीला सांगा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

ग्रुपमधून काढण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे. पाणी, वीज, सभा यांच्या सूचना तुम्ही त्याच ग्रुपवर देता. एका सभासदाला तिथून काढले की त्याला खरी तक्रार मिळते, आणि खरी तक्रार हाती आलेला माणूस तोच प्रश्न जिन्यात, फाटकावर आणि अर्जांतून विचारू लागतो. त्यांचे संदेश ग्रुपवर आले म्हणून ॲडमिन या नात्याने आपण अडकू, अशी भीती कोणाला वाटत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल त्यांना सांगा : सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी फौजदारी गुन्ह्यात जबाबदार ठरत नाही. फक्त ॲडमिननेच लिहावे असा सूचनांचा वेगळा ग्रुप सुरू करणे चांगले आहे, पण तो आत्ता, या भांडणाच्या भरात करू नका. लगेच ‘तोंड दाबले’ असे होईल. पुढच्या सर्वसाधारण सभेत सर्वांसाठीची व्यवस्था म्हणून ठराव करा आणि त्या ग्रुपमध्ये त्यांनाही पहिल्याच दिवशी घ्या.

प्रश्न थांबल्यानंतर काही महिन्यांनी, बहुधा एखाद्या नव्या खर्चाच्या वेळी, तो पुन्हा एकदा उगवेल. सवयी अशाच परततात, आणि तेवढ्यावरून आधीचे सगळे वाया गेले असे समजू नका. त्या नव्या खर्चाचे परिपत्रक तोवर फलकावर लावलेले असले, तर त्या दिवशी तुम्हाला वेगळे काहीच करावे लागणार नाही.